विचारपूस आणि चौकशी

मराठीत ‘पुसणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. एक विचारणे, आणि दुसरा ओलसर असेल ते कोरडे करणे. व्युत्पत्ती पाहिली तर ही मुळात दोन निरनिराळी क्रियापदे आहेत. एक ‘प्रच्छ्’ या संस्कृत धातूपासून आले आणि दुसरे ‘प्रोञ्छ्’पासून. कालौघात उच्चार झिजले आणि दोघांचे रूप एक झाले. तरीही हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटत आला आहे. ज्या भाषेत ‘विचारपूस’ आणि ‘डोळे पुसणे’ ही शेजारी शेजारी नांदतात, त्या भाषेने विचारण्याच्या कृतीकडून काही अपेक्षा बाळगली असली पाहिजे. याच भाषेत एक उलट उदाहरणही आहे. दुखणाइताच्या ‘समाचाराला जाणे’ हे पुण्यकर्म समजले जाते. परंतु कोणाचा ‘समाचार घेणे’ म्हणजे त्याची खरडपट्टी काढणे. शब्द एकच, जाणारा जातो कशासाठी, यावर त्याचा अर्थ ठरतो.

आपला एखादा मित्र मनाने खचलेला असतो तेव्हा नेमका हाच प्रश्न उभा राहतो. त्याच्याकडे जावे की जाऊ नये? गेलो तर काय विचारावे? न विचारावे तर ती उदासीनता ठरेल काय? आणि विचारले तर त्याच्या मनाच्या बंद खोलीत आगंतुकपणे पाऊल टाकल्यासारखे होईल काय?

आजार आणि मृत्यू यांच्या बाबतीत आपल्या समाजाने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. घरात कोणी वारले की शेजारी जमतात, कोणी चहाची व्यवस्था पाहतो, कोणी कबरस्तानाकडे जातो, संध्याकाळी जपमाळ म्हटली जाते. काय बोलावे हे कोणाला सुचले नाही तरी बिघडत नाही, कारण रीत आपल्या वतीने बोलते. मनाच्या पडझडीला मात्र अशी रीत नाही. तिला तारीख नसते, निमित्तही पुष्कळदा नसते. माणूस कामावर जातो, मिस्सेला येतो, हसतोही. फक्त आतला दिवा मंद झालेला असतो. रीत नसल्यामुळे आपण दोनपैकी एका टोकाला जातो. एक तर खोदून खोदून विचारतो आणि उपाय सांगतो, नाही तर ‘त्याला एकटे राहू द्यावे’ असे म्हणून लांब राहतो. या दोहोंच्या मध्ये एक वाट आहे. पवित्र शास्त्रात आणि ख्रिस्तसभेच्या परंपरेत ती पुष्कळ बारकाईने आखलेली आहे, असे मला वाटते.

प्रथम ईयोबाचे मित्र घेऊ. एलीफाज, बिल्दद आणि सोफर या तिघांची नावे सांत्वनाच्या इतिहासात बदनाम झाली आहेत. परंतु त्यांची सुरुवात किती चांगली होती हे आपण विसरतो. मित्रावर संकट आल्याचे कळताच ते तिघे आपापल्या गावाहून ठरवून निघाले. दुरून पाहिले तेव्हा त्यांना ईयोब ओळखूही आला नाही, इतका तो पालटला होता. ते मोठ्याने रडले आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून त्यांच्यापैकी कोणी एक शब्दही बोलला नाही. संपूर्ण ग्रंथात त्यांनी केलेले सर्वांत योग्य कृत्य हेच.

मग बिघडले कोठे? ईयोब बोलू लागला तेथे. त्याने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, आणि ते शब्द त्या मित्रांना सहन झाले नाहीत. ईयोबाच्या वेदनेपेक्षा त्यांना आपल्या सिद्धान्ताची काळजी अधिक वाटू लागली. निरपराध माणसावर असे संकट येत असेल तर जगाची घडी विस्कटते. ती घडी सावरायची म्हणजे ईयोबाचा काही तरी अपराध शोधून काढला पाहिजे. पुढच्या अध्यायांमधून ते हेच करीत राहतात. आरंभी सौम्यपणे, नंतर कठोरपणे, आणि अखेरीस ज्यांचा काडीइतकाही पुरावा नाही असे आरोप करून. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ते दुष्ट नव्हते. त्यांची पुष्कळशी वाक्ये सुटी वाचली तर धर्मोपदेशात शोभतील अशी आहेत. वाक्य खरे असणे आणि ते त्या माणसाला त्या घटकेला सांगणे योग्य असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

झटपट उपायाचे मर्म येथे उघड होते. ‘देवाची इच्छा समज’, ‘तुझ्यापेक्षा वाईट दिवस कितीतरी लोकांचे आहेत’, ‘सकाळी फिरायला जात जा’, ‘एक रिट्रीट कर, सगळे ठीक होईल’ ही वाक्ये आपण मित्रासाठी म्हणतो असे आपल्याला वाटते. वास्तविक पुष्कळदा ती आपण स्वतःसाठी म्हणत असतो. समोरच्या माणसाचे दुःख पाहून आपल्याला अस्वस्थ वाटते, आपण हतबल होतो, आणि उपाय सांगून टाकला की आपले कर्तव्य संपल्याचे समाधान मिळते. सल्ला दिल्यावर ओझे कमी होते खरे, पण ते सल्ला देणाऱ्याचे. ऐकणाऱ्याच्या डोक्यावर मात्र एक नवे काम येऊन पडते: हा उपाय करून पाहण्याचे, किंवा तो का जमत नाही याचा खुलासा देण्याचे. ज्याला सकाळी अंथरुणातून उठणे जड जात आहे, त्याला हे दुसरे काम अधिकच जड जाते. ग्रंथाच्या शेवटी परमेश्वर एलीफाजला सांगतो की, तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. ईयोब तुमच्यासाठी प्रार्थना करील. मदत करायला आलेल्यांसाठी अखेर दुःखितालाच प्रार्थना करावी लागली, हा उलटलेला क्रम विसरण्याजोगा नाही.

आता दुसरे चित्र पाहू. राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात संदेष्टा एलिया दिसतो. कार्मेल पर्वतावर त्याला मोठे यश मिळालेले आहे. म्हणजे लोकांच्या दृष्टीने त्याने आनंदात असायला हवे. परंतु राणी ईझेबेलची धमकी ऐकून तो पळतो, आपल्या सेवकाला बैरशेबा येथे मागे ठेवतो आणि एकटाच दिवसभराची वाट चालून वाळवंटात जातो. एका झुडपाखाली बसून ‘आता पुरे’ म्हणतो, मरण मागतो आणि झोपी जातो. खचलेल्या माणसाची सारी लक्षणे येथे आहेत: माणसांपासून दूर जाणे, आपण पूर्वजांहून बरे नाही ही कमीपणाची भावना, थकवा आणि जगण्याचा वीट.

देवाने त्याच्याकडे दूत पाठविला. हा दूत काय करतो ते क्रमाने पाहावे. तो प्रथम एलियाला स्पर्श करतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई आहे. एलिया खातो, पितो आणि पुन्हा आडवा होतो. दूत त्याला अडवीत नाही. ‘एवढे केले, आता तरी ऊठ’ असे म्हणत नाही. काही वेळाने तो दुसऱ्यांदा येतो, पुन्हा स्पर्श करतो, पुन्हा जेवण देतो आणि या वेळी एकच कारण सांगतो: पुढची वाट तुला झेपणार नाही. या एका वाक्यात एलियाच्या थकव्याला मान्यता आहे. तू भित्रा आहेस असे नव्हे. वाट खरोखरच लांब आहे.

मरण का मागितलेस, असे दूताने एकदाही विचारलेले नाही. प्रश्न येतो तो फार उशिरा, चाळीस दिवसांची वाटचाल करून एलिया होरेब डोंगरावरच्या गुहेत पोचल्यावर. आणि तोही परमेश्वराकडून: एलिया, तू येथे काय करीत आहेस? सर्वज्ञाला हे ठाऊक नव्हते काय? होते, परंतु हा प्रश्न माहितीसाठी नव्हता. एलियाला आपली व्यथा आपल्या शब्दांत मांडता यावी म्हणून त्याला ती जागा करून दिलेली होती. एलिया तक्रार सांगतो. मग वारा, भूकंप, अग्नी आणि त्यानंतरची मंद शांतता. तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो आणि एलिया जवळजवळ अक्षरशः तेच उत्तर पुन्हा देतो. एवढे दर्शन होऊनही त्याचे गाऱ्हाणे बदललेले नाही! परमेश्वर त्यावर रागावत नाही. तो त्याला पुढचे काम सांगतो, अलीशा नावाचा सोबती देतो, आणि सर्वांत शेवटी, ‘मी एकटाच उरलो’ हा एलियाचा समज दुरुस्त करतो: इस्राएलात अजून सात हजार माणसे आहेत. आपण ही दुरुस्ती सर्वांत आधी करायला धावतो. ‘अरे, तू एकटा कुठे आहेस, आम्ही सगळे आहोत ना!’ वाक्य खरेच असते. पण भाकर, झोप आणि दोनदा ऐकून घेणे यांच्या आधी ते उच्चारले की पोकळ वाटते.

भाकर आणि झोप यांना हीन लेखू नये. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ या महाग्रंथात दुःखावरील उपायांची चर्चा केली आहे, आणि त्यात सत्याच्या चिंतनाबरोबरच रडणे, मित्रांची सहवेदना, झोप आणि स्नान यांनाही स्थान दिले आहे. शरीराची आणि मनाची गाठ त्यांना ठाऊक होती.

एक प्रश्न मात्र उरतो, आणि तो खरा नैतिक प्रश्न आहे: मित्राला काय झाले आहे हे जाणून घेण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली मान्यता दिली. त्याच्या आरंभी साधना देणाऱ्या मार्गदर्शकासाठी वीस सूचना आहेत. सातवी सूचना सांगते की, साधक उदासीन व शुष्क अवस्थेत आढळला तर मार्गदर्शकाने त्याच्याशी कठोरपणे किंवा नाराजीने न वागता सौम्यपणे वागावे. सतराव्या सूचनेचा आशय असा: साधकाचे खासगी विचार आणि पापे जाणून घेण्याची इच्छा मार्गदर्शकाने धरू नये, मात्र साधकाच्या मनात कोणत्या हालचाली चालल्या आहेत हे त्याला कळत राहणे हितावह आहे, म्हणजे साधकाला पेलेल अशीच साधना तो देऊ शकेल. ज्याला आत्म्याचा सांभाळ करण्याचे काम दिलेले आहे, त्यालाही येथे मर्यादा घातलेली आहे! मग आपण तर केवळ मित्र.

या सूचनेतून एक उपयुक्त भेद हाती लागतो. मित्रावर किती भार आहे हे कळणे आवश्यक असते. तो भार कशाचा आहे हे कळणे आवश्यक नसते. ‘झोप लागते का?’, ‘आज दिवस कसा गेला?’, ‘सगळ्यात जड वेळ कोणती, सकाळ की रात्र?’ हे भाराविषयीचे प्रश्न. ‘बायकोशी काही बिनसलंय का?’, ‘कर्ज झालंय का?’, ‘ऑफिसात काही लफडं?’ हे बातमीविषयीचे प्रश्न. पहिल्या प्रकारचे उत्तर ऐकून आपण त्याच्याशी कसे वागायचे ते ठरवू शकतो. दुसऱ्या प्रकारचे उत्तर मिळूनही पुष्कळदा आपण काहीच करू शकत नाही. केवळ आपल्याजवळ एक गुपित वाढते. विचारपूस आणि चौकशी यांतील रेषा येथे आहे. कारण त्याने आपण होऊन सांगितले तर ते दान म्हणून घ्यावे, वसुली म्हणून नव्हे.

हे सारे प्रत्यक्षात कसे उतरते, यासाठी एक उदाहरण कल्पू या. समजा, वसईतल्या एका धर्मग्रामात आपला एक मित्र आहे. वय पन्नाशीचे, रोज विरार लोकलने चर्चगेटला नोकरीसाठी जाणारा, रविवारी गायनवृंदात खालच्या पट्टीत गाणारा. गेले दोन महिने तो गायनवृंदात नाही. मिस्सेला मागच्या बाकाजवळ उभा राहतो आणि शेवटचे गीत सुरू होण्याआधी निघून जातो. फोन केला तर ‘नंतर बोलतो’ म्हणतो. तो ‘नंतर’ येत नाही.

तीन सज्जन माणसे त्याला तीन प्रकारांनी भेटतात. पहिला त्याला चर्चच्या फाटकाशी गाठतो आणि चारजणांदेखत विचारतो, “काय रे, किती उतरलास! घरी सगळं ठीक आहे ना?” अशा ठिकाणी ‘ठीक आहे’ याखेरीज उत्तर शक्य नाही. पण एकदा ते उत्तर दिले की आपल्या मित्राला ते राखावे लागते. उद्या त्याच माणसाजवळ मन मोकळे करावेसे वाटले, तर आधी कालचे खोटे कबूल करावे लागेल. चुकीच्या जागी विचारलेला प्रश्न असे पुढचे दार बंद करून जातो. दुसरा सज्जन उपाय सांगतो. त्याच्या मेव्हण्याला अमुक ठिकाणच्या रिट्रीटने गुण आलेला असतो. तिसरा सज्जन सर्वांत प्रेमळ आणि सर्वांत घातक. तो आपल्या मित्राला काही विचारत नाही. तो वाडीतल्या प्रार्थनासभेत त्याचे नाव घेऊन प्रार्थना मागतो. प्रार्थना देवापर्यंत पोचतेच. पण ती बातमी त्याच रात्री दहा घरांतही पोचते. नाव न घेता प्रार्थना करता येते. देवाला पत्ता लागतो.

आता चौथा मार्ग. पहिला निरोप लहान असावा आणि त्यात तीन गोष्टी असाव्यात: आपण पाहिले ते, त्यावर निष्कर्ष न काढता, आपल्याला काय वाटले ते, आणि उत्तराच्या ओझ्यातून सुटका. “गेले काही रविवार तू गाण्याला नव्हतास. तुझी आठवण झाली. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. गुरुवारी संध्याकाळी मी तुमच्या आळीत येतोय, पाच मिनिटं डोकावून जाईन. नको असेल तर ‘नको’ एवढंच लिही.” यात ‘काय झालंय?’ हा प्रश्न नाही. ‘काही लागलं तर सांग’ हे सर्वांच्या तोंडी असलेले वाक्यही नाही, कारण त्यात आपल्याला काय हवे हे शोधण्याचे, मागण्याचे आणि मागताना वाटणाऱ्या संकोचाचे असे सारे काम खचलेल्या माणसावरच पडते. त्याऐवजी दिवस, वेळ आणि कृती आपण ठरविलेली आहे. त्याने फक्त होकार किंवा नकार द्यायचा आहे.

निरोपाला उत्तर आले नाही, तर आठवडाभर थांबावे आणि पुन्हा तितकाच लहान निरोप पाठवावा. ‘वाचूनही उत्तर दिलं नाहीस’ हे वाक्य कधीही लिहू नये. ‘नको’ असे उत्तर आले, तर त्याचा अर्थ ‘गुरुवारी नको’ एवढाच घ्यावा. ‘कधीच नको’ असा घेऊन रुसू नये.

भेट झालीच तर ती अर्ध्या तासाची असावी, आणि ती किती वेळाची आहे हे आरंभीच सांगावे. पाहुणा कधी उठेल हे ठाऊक असले की यजमान सैलावतो. हातात काहीतरी असावे: वाडीतली भाजी, चार केळी. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी बसणे किंवा बरोबर काही काम करणे बरे. वालाच्या शेंगा सोलताना, स्टेशनपर्यंत चालताना किंवा मोटारसायकलचा बिघडलेला दिवा पाहताना माणूस जे बोलतो, ते खुर्चीत खुर्ची घालून ‘बोल’ म्हटल्यावर बोलत नाही. डोळ्यांना डोळे भिडवण्याची सक्ती नसली की शब्द सोपे होतात. पहिल्या भेटीत तो क्रिकेट आणि पावसाखेरीज काही बोलला नाही, तरी ती भेट फुकट गेली असे समजू नये. एलियाने पहिल्या भाकरीनंतर पुन्हा झोपच घेतली होती.

आता समजा, तिसऱ्या किंवा चौथ्या गुरुवारी शेंगा सोलता सोलता तो म्हणाला, “खरं सांगू, मला कशातच राम वाटत नाही. गाणंसुद्धा नकोसं झालंय.” या क्षणी तोंडावर येणारी वाक्ये गिळावीत. ‘मलाही मागच्या वर्षी असंच झालं होतं’ हे त्यांतले सर्वांत मोहक. पण त्याने विषय त्याच्याकडून आपल्याकडे वळतो. थोडे थांबून त्याचेच बोलणे त्याला परत द्यावे: “गाणंसुद्धा. ते तर तुझं जीव की प्राण होतं.” एवढे पुरते. तो आणखी बोलेल किंवा बोलणार नाही. बोलला, तर शेवटी एक प्रश्न विचारता येतो: “मी नुसतं ऐकू, की दोघं मिळून काही विचार करायचा?” हा प्रश्न विचारून आपण निर्णय त्याच्या हाती ठेवतो. पुष्कळदा उत्तर येते, “नुसतं ऐक.” मग नुसतेच ऐकावे. पुढच्या भेटीत त्याने तेच गाऱ्हाणे पुन्हा सांगितले, तर गुहेच्या तोंडाशी दोनदा दिलेले तेच उत्तर आठवावे.

त्याच्या पत्नीकडून आडून माहिती काढू नये. तो विश्वासघातच होय. मात्र तिच्यावरही भार आहे हे विसरू नये. “वहिनी, तो कसा आहे?” याऐवजी “वहिनी, तुम्ही कशा आहात?” असे विचारावे. तिला कदाचित कोणी हे विचारलेलेच नसेल.

आपले चुकत आहे हे कसे ओळखावे? काही खुणा आहेत. मित्र आपल्याला बरे वाटावे म्हणून ‘आता पुष्कळ बरं आहे’ असे घाईने सांगू लागला, म्हणजे आपल्या भेटीने त्याच्यावर बरे होण्याची सक्ती आणली आहे. त्याची गोष्ट कोणाला तरी सांगण्याची उबळ आपल्याला येत असेल, तर आपण विचारपूस सोडून चौकशीकडे वळलो आहोत. आणि महिनाभर जाऊनही तो सुधारत नाही याचा आपल्याला राग येऊ लागला असेल, तर आपण सोबत देत नव्हतो, व्यवहार करीत होतो: इतक्या भेटी घेतल्या, आता फळ द्या. अशा वेळी भेटी बंद करण्यापेक्षा लहान कराव्यात. दर गुरुवारी दहा मिनिटे, पण दर गुरुवारी. एका रविवारी चार तास बसून नंतर दोन महिने न फिरकणे हे त्याच्यासाठी अधिक वाईट, कारण आपण भारी पडलो असा अर्थ तो त्यातून काढतो.

इथवर सांगितलेल्या संयमाला एक सीमा आहे आणि ती स्पष्ट सांगितली पाहिजे. मन उतरणे आणि नैराश्याचा आजार यांत फरक आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ दररोज, मन काळवंडलेले असणे किंवा कशातच गोडी न वाटणे, त्याच्या जोडीला झोप व भूक बिघडणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, कामावर चित्त न लागणे ही डॉक्टरांकडे नेण्याची लक्षणे होत. येथे ‘नुसते ऐकणे’ पुरे नाही. येथेही आज्ञा करण्यापेक्षा सोबत देणे बरे: “डॉक्टरांची वेळ मी घेऊ का? मी बरोबर येतो, बाहेर बसेन.”

आणि तो जगण्याच्या विटेविषयी बोलला, आपल्या वस्तू वाटून टाकू लागला, निरोप घेतल्यासारखे बोलू लागला, तर आडपडदा न ठेवता विचारावे: “जीव द्यावा असं मनात येतं का?” असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत चुकीची आहे, सरळ विचारल्याने धोका वाढत नाही, उलट पुष्कळांना बोलता आल्याने हायसे वाटते, असे या विषयाच्या अभ्यासकांना आढळले आहे. उत्तर ‘होय’ असेल तर त्याला एकटे सोडू नये, घातक वस्तू त्याच्या हातापासून दूर कराव्यात, घरच्या एका विश्वासू माणसाला सांगावे आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ या सेवेचा क्रमांक १४४१६ हा आहे. तेथे रात्रंदिवस, मराठीतूनही बोलता येते. ‘कोणाला सांगू नकोस’ हे वचन या एका बाबतीत देऊ नये, आणि दिले असेल तर पाळू नये. गुप्तता मित्राच्या भल्यासाठी असते. त्याच्या प्राणाहून ती मोठी नाही. हा चौकशीचा भंगही नव्हे, कारण येथे आपण बातमी मागत नाही. भार किती आहे हेच विचारतो, आणि तो एकट्याने उचलवण्याजोगा उरलेला नाही.

उरते ते एक तात्त्विक कोडे. उपाय सांगायचा नाही, कारण विचारायचे नाही. मग अर्धा तास शेजारी बसून शेंगा सोलल्याने नेमके होते तरी काय? संत थॉमस यांनी हा प्रश्न घेतला आहे आणि ॲरिस्टॉटलच्या आधारे दोन उत्तरे दिली आहेत. पहिले असे की, दुःख हे ओझ्यासारखे असते आणि दुसरा आपल्यासाठी दुःखी होतो तेव्हा ते ओझे वाटून घेतल्यासारखे वाटते. परंतु ते दुसऱ्या उत्तराला अधिक चांगले मानतात: मित्र आपल्यासाठी कष्टी होतो हे पाहून, आपल्यावर प्रेम केले जात आहे हे माणसाला कळते, आणि हे कळणे हेच मुळात सुखद आहे.

मला वाटते, हा क्रम महत्त्वाचा आहे. पहिले उत्तर खरे धरले तर ओझे किती हलके झाले याचा हिशेब करण्याचा मोह होतो. तेथूनच उपायांची घाई सुरू होते. दुसऱ्या उत्तरात हिशेबाला जागा नाही. खचलेल्या माणसाला सर्वांत छळणारी शंका ही असते की, गाता येत नाही, हसवता येत नाही, कोणाच्या उपयोगी पडता येत नाही अशा स्थितीत आपण कोणाला हवे तरी आहोत काय? या शंकेला युक्तिवादाने उत्तर देता येत नाही. काहीही न मागता, काहीही न दुरुस्त करता, ठरल्या गुरुवारी कोणीतरी दारात उभे राहते, तेव्हा ते उत्तर मिळते. गेथशेमाने बागेत प्रभूने आपल्या तीन शिष्यांजवळ सल्ला मागितला नव्हता. त्याने त्यांना तेथे थांबायला आणि जागे राहायला सांगितले होते. ते सोपे वाटणारे काम त्या रात्री तिघांनाही जमले नाही. ते सोपे नाहीच. मित्राच्या अंधारात आपला दिवा न लावता, तरीही जागे राहणे, एवढेच त्यात करायचे असते.